नाळे बन्नी, उद्या या आणि इन्स्टाग्रामची चार दारं

मी बेळगावात वडगावला राहते. घरीच ब्लाउज शिवते, थोडं आरीवर्कही करते. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन भाषांत येतं. एकीला मराठीत टाळायचं, दुसरीला कन्नडमध्ये. 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर यावरच मी एक रील टाकली. मशीनवर बसलेली मी, दारातून मराठी गिऱ्हाईक विचारतं, "ब्लाउज झाला काय?" मी म्हणते, "उद्या या." मग कन्नड गिऱ्हाईक येतं, त्याला म्हणते, "नाळे बन्नी." नाळे बन्नी म्हणजे उद्याच या. थाप एकच, भाषा दोन. पंधरा सेकंदांची रील, दोन्ही गिऱ्हाइकांचं काम माझ्या बहिणीनंच केलेलं.

माझ्या खात्यावर तेव्हा साडेसहाशे माणसं होती, निम्मी नात्यातली. तीन दिवसांत ती रील अडीच लाखांवर गेली. दिवाळीतच एक नोव्हेंबर आला होता. एक नोव्हेंबर म्हणजे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या आठवड्यात बेळगावात भाषेवर कुणी शिंकलं तरी भांडण लागतं. माझ्या रीलखाली एका बाजूचे म्हणायला लागले, मराठी बाई असून कन्नड कशाला बोलतेस. दुसऱ्या बाजूचे म्हणायला लागले, आमच्या भाषेची टिंगल करतेस काय. मधे बिचाऱ्या दोन-चार बायका विचारत होत्या, अस्तरासकट शिलाई किती.

चौथ्या दिवशी एका पानानं माझी रील उतरवून घेतली, वर भडक मथळा घातला आणि मला टॅग करून टाकली. त्या रात्री फोन सुरू झाले. फोन, मेसेज नव्हे. नंबर कुठून मिळाला ते मला कळेना.

माझी भाची पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. ती आली आणि माझा फोन हातात घेऊन म्हणाली, "मावशी, तुझं खातं बिझनेसचं हाय. वर Call चं बटण हाय बघ. लोक तेच दाबूलालेत."

खातं धंद्याचं करताना मीच नंबर घातला होता आणि विसरले होते.

"मग पहिल्यांदा प्रायव्हेट कर," मी म्हटलं.

खातं प्रायव्हेट करायचं ठिकाण सोपं आहे. आपल्या प्रोफाइलवर वर उजवीकडे तीन रेघा असतात, त्या दाबल्या की `Settings and activity` उघडतं. तिथं `Account privacy`, आत `Private account` असं बटण. माझ्याकडे ते चालू होईना, कारण बिझनेस खातं प्रायव्हेट होतच नाही. आधी ते साधं करावं लागतं. त्याच सेटिंगमध्ये खाली `Account type and tools` आहे, त्यात `Switch to personal account`. हे केलं की Call चं बटण जातं, आणि किती जणांनी बघितलं वगैरे आकडेही जातात. आकड्यांचं मला थोडं वाईट वाटलं, अडीच लाख काय रोज होतात! खरं म्हटलं तर फोन थांबणं जास्त गरजेचं होतं. साधं खातं झालं, मग प्रायव्हेटचं बटण चालू झालं.

आम्ही दोघी चहा प्यायलो. मला वाटलं, संपलं.

अर्ध्या तासानं परत एक फोन आला. भाचीनं तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून माझं खातं उघडून बघितलं. ती मैत्रीण मला फॉलो करत नव्हती. पोस्ट दिसत नव्हत्या, कुलूप दिसत होतं. पण फोटो दिसत होता, नाव दिसत होतं, किती फॉलोअर तेही दिसत होतं, आणि बायोमध्ये मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं "ब्लाउज, आरीवर्क" आणि त्यापुढं मोबाईल नंबर. बायो प्रायव्हेट खात्याचाही सगळ्यांना दिसतो. त्यातला नंबर पुसला तेव्हा फोन थांबले. तेव्हापासून मी एक शिकले आहे की सेटिंग बदलल्यावर आपल्या फोनवर बघून काही कळत नाही. आपल्याला आपलं सगळं दिसतंच. आपल्याला फॉलो न करणाऱ्या माणसाचा फोन मागून घ्यायचा आणि त्यावर बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझ्या त्याच रीलखाली नव्या शिव्या. मी चक्रावले. प्रायव्हेट केलंय की!

याचं कारण मला दुपारी, हेमिंग घालताना सुचलं. प्रायव्हेट केल्यानं दार बंद होतं ते नव्यानं येणाऱ्याला. आधीच आत बसलेला आतच राहतो. रील पळत होती त्या चार दिवसांत माझ्याकडे जवळजवळ चारशे नवी माणसं आली होती आणि ती सगळी अधिकृत फॉलोअर म्हणून माजघरात बसून शिव्या देत होती. त्यांना एकेक करून काढावं लागतं. फॉलोअरची यादी उघडायची, नावासमोर `Remove` दाबायचं. समोरच्याला काही निरोप जात नाही, त्यामुळं भांडणाची भीती नाही. पण चारशे म्हणजे चारशे. दोन संध्याकाळी गेल्या. भाची वाचून दाखवायची, मी म्हणायचे ठेव किंवा काढ. एका खात्यावर नुसता गणपतीचा फोटो होता, ते ठेवूया म्हटलं, मग ती म्हणाली याच्या खाली कमेंट बघ. काढलं.

काढत असताना शिव्या चालूच होत्या, म्हणून तेवढ्यापुरतं आम्ही `Limit interactions` लावलं. हे फार कुणाला ठाऊक नसतं. यात जे तुम्हाला फॉलो करत नाहीत आणि जे नुकतेच, म्हणजे गेल्या आठवडाभरात आलेत, त्यांच्या कमेंट आणि मेसेज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. हे काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत लावता येतं, मुदत संपली की आपोआप सुटतं. पाहुणे गर्दी करून आले तर पडदा ओढतो ना, तसलं. जुनी माणसं बोलू शकतात, नवी नाहीत. माझा त्रास सगळा नव्यांचाच होता, त्यामुळं हे अगदी नेमकं बसलं.

आता टॅगचं.

ज्या पानानं रील उचलली होती त्याचं खातं सगळ्यांना उघडं. त्याच्या पोस्टवर माझं नाव टॅग. माझं खातं बंद असलं तरी त्याची पोस्ट उघडीच, आणि त्यातल्या टॅगवरून माणसं माझ्या दारात येऊन रिक्वेस्ट टाकत होती. दिवसाला चाळीस-पन्नास. टॅग काढायचा तर त्या पोस्टवर जाऊन आपल्या नावावर दाबायचं, `Remove me from post` येतं. ते केलं. मग पुढच्यासाठी `Settings and activity` मध्ये `Tags and mentions`. इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच समजून फसले. टॅग म्हणजे फोटोवर किंवा व्हिडिओवर नाव चिकटवणं. मेन्शन म्हणजे मजकुरात किंवा कमेंटमध्ये @ लावून नाव लिहिणं. मी `Who can tag you` मध्ये फक्त मी फॉलो करते त्यांना परवानगी ठेवली आणि निवांत झोपले. सकाळी परत रिक्वेस्टचा ढीग. कुणीतरी कमेंटमध्ये @ लावून माझं नाव लिहिलं होतं आणि लोक ते दाबत होते. `Who can @mention you` हे त्याच पानावर, दोन बोटं खाली. तेही मी फॉलो करते त्यांच्यापुरतं केलं. आता कुणी बाहेरचा माझं नाव घालायला गेला की त्याला तिथंच कळतं की ही बाई परवानगी देत नाही.

तिथंच `Manually approve tags` आहे. ते चालू केलं की तुम्हाला टॅग केलेला फोटो तुमच्या होकाराशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. मी ते चालू ठेवलंय, कारण आमच्याकडे लग्नात फोटो काढणारी माणसं तोंडात जिलेबी असताना टॅग करतात.

पण एक गोष्ट या सगळ्यानं होत नाही. टॅग निघाला, नाव निघालं, तरी त्या पानावर माझा चेहरा आणि माझी रील तशीच होती. माझ्या खात्याची सेटिंग माझ्या खात्यापुरती. दुसऱ्यानं उतरवून घेतलेली प्रत माझ्या कुलपानं बंद होत नाही. भाचीनं पहिल्यांदा पोस्टवरचे तीन ठिपके दाबून त्रास देणं या कारणाखाली रिपोर्ट केला. त्याचं उत्तर आलं की नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. मग मी म्हटलं, अगं, रील माझीच आहे की! मी केली, माझ्या घरात, माझ्या मशीनवर. हा कॉपीराइटचा विषय आहे, त्याचा वेगळा फॉर्म असतो. त्यात माझ्या मूळ रीलचा दुवा आणि त्या पानाच्या पोस्टचा दुवा दिला. भरताना एक बारीक ओळ वाचली आणि थांबले. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं असं तिथं लिहिलंय. म्हणून मी रोजचा ईमेल दिला नाही, नवा काढून तो दिला. तिसऱ्या दिवशी ती पोस्ट गेली.

आणि हे करायच्या आधी त्या पोस्टचे, खालच्या कमेंटचे आणि खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. पोस्ट गेल्यावर पोलिसांत जायचं ठरवलं तर दाखवायला काही राहत नाही.

कमेंटच्या बाबतीत सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते शब्दांच्या यादीनं. `Hidden words` म्हणून सेटिंग आहे. वाईट शब्द असलेली कमेंट ते आपोआप लपवतं, आणि त्याशिवाय आपली स्वतःची यादीही घालता येते, स्वल्पविराम देत. आपोआपचं सेटिंग मी आधी नुसतं चालू केलं. इंग्रजी शिव्या गेल्या. बेळगावच्या शिव्या जशाच्या तशा. इथला माणूस मराठी शिवी रोमनमध्ये लिहितो, कन्नड शिवीही रोमनमध्ये लिहितो, आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. म्हणून यादी आम्हालाच करावी लागली. प्रत्येक शिवी देवनागरीत, कन्नड लिपीत आणि रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी. भाची कन्नड लिपी भराभर टाइप करते, मी मराठीच्या शिव्या सांगत होते. ती मधेच म्हणाली, "मावशी, तुला एवढ्या येतात?" स्वयंपाकघरातून सासूबाई ऐकत होत्या हे मला नंतर कळलं.

शिव्यांबरोबर लोक मला टोमणा म्हणून नुसतं माझंच वाक्य लिहीत होते. म्हणून भाचीनं यादीत हेही घातलं:

```
naale banni, nale banni, nalebanni, naale, nale
```

इथं चूक झाली, आणि ती कळायला बारा दिवस लागले. एक ओळखीची बाई टिळकवाडीहून आली आणि रागानं म्हणाली, तुम्हाला दोनदा मेसेज केला, उत्तर का नाही? मी शोधलं तर मेसेज नव्हता. मग भाचीनं मेसेजमध्ये `Requests` उघडून अगदी खाली `Hidden requests` दाखवलं. तिथं त्या बाईंचा मेसेज होता: `akka nale bartini, blouse ready idya?` म्हणजे अक्का, उद्या येते, ब्लाउज तयार आहे का. `nale` शब्दानं तो लपला होता. आम्ही कन्नड गिऱ्हाइकाचा "उद्या" हा शब्दच बंद करून ठेवला होता, आणि शिंपिणीच्या धंद्यात त्याच्याशिवाय वाक्य होत नाही. तेव्हापासून यादीत एकटा शब्द घालायचा नाही, पूर्ण वाक्प्रयोग घालायचा, आणि आठवड्यातून एकदा ते खालचं फोल्डर बघायचं.

मेसेजचं दार वेगळंच आहे, ते प्रायव्हेटशी जोडलेलं नाही. खातं बंद असलं तरी अनोळखी माणूस रिक्वेस्ट म्हणून मेसेज टाकू शकतो. तसा त्याला तुम्ही होकार देईपर्यंत एकच मेसेज टाकता येतो आणि तोही नुसता मजकूर, फोटो-व्हिडिओ नाही. रिक्वेस्ट उघडून वाचली तरी होकार देईपर्यंत समोरच्याला वाचल्याचं कळत नाही, त्यामुळं वाचायला भ्यायचं कारण नाही. पण एकेकाचा एकच असला तरी दीडशे जणांचे दीडशे होतात. `Messages and story replies`, त्यात `Message controls`. तिथं `Others on Instagram` वर दाबून मी `Don't receive requests` केलं. दुसऱ्या मिनिटापासून शांत. त्याच पानावर ग्रुपमध्ये तुम्हाला कोण घालू शकतं ते आहे. तेही फक्त मी फॉलो करते त्यांच्यापुरतं केलं, कारण मधेच कुणीतरी मला चाळीस अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये नेऊन बसवलं होतं.

ही नावं तुमच्या फोनवर थोडी इकडेतिकडे असतील, ॲप नवं झालं की ते हलवतात. सेटिंगच्या वर शोधायची पट्टी असते, तिथं `tag` किंवा `comments` टाइप केलं की मिळतं. भाचीचं ॲप मराठीत आहे, तिच्याकडे नावंच वेगळी, आम्ही दोघी फोन शेजारी ठेवून रेघा मोजत होतो.

महिनाभर खातं बंद ठेवल्यावर धंद्याचा हिशोब बघितला. इन्स्टाग्रामवरून येणारं नवं गिऱ्हाईक शून्य. जे खातं दिसतच नाही त्याच्यावर ब्लाउज कोण बघणार? इथं मला वाटतं बऱ्याच बायका एक तर सगळं उघडं ठेवतात नाही तर सगळं बंद करून हात जोडतात. मी खाती दोन केली. जुनं खातं बंदच ठेवलं, त्यात आता एकसष्ट माणसं आहेत, सगळी घरातली. धंद्याचं नवं खातं उघडं आहे, पण त्यात माझा चेहरा नाही, फक्त ब्लाउजच्या पाठी आणि बाह्या. तिथं कमेंट फक्त मला फॉलो करणाऱ्यांना करता येतात, टॅग मला विचारून, शब्दांची यादी दुरुस्त केलेली. मेसेज रिक्वेस्ट तिथं चालू ठेवल्या आहेत, कारण माप विचारायला नवं गिऱ्हाईक तिथूनच येतं. नंबर मात्र मेसेजमध्ये बोलणं झाल्यावरच देते.

आता राहिले आमचे निपाणीचे चुलत दीर. ते घरच्या खात्यातल्या एकसष्टांपैकी एक. स्वभावानं वाईट नाहीत. पण माझ्या प्रत्येक फोटोखाली त्यांना काही तरी लिहायचंच असतं: वजन वाढलं काय, पदर नीट घे, भाऊ कुठं आहे फोटोत. काढून टाकावं तर पुढच्या लग्नात सगळ्या पंगतीत विषय. ब्लॉक केलं तर त्याहून वाईट, त्यांना शोधल्यावर माझं खातंच सापडलं नसतं. भाची म्हणाली, यांना `Restrict` कर. त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन तीन ठिपके, `Restrict`. आता त्यांची कमेंट त्यांना स्वतःला दिसते, बाकी कुणाला दिसत नाही, मी मंजूर केली तरच दिसते. त्यांचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, आणि मी ऑनलाइन आहे की नाही हेही त्यांना कळत नाही. त्यांना यातलं काहीही सांगितलं जात नाही.

मे महिन्यात चिकोडीला लग्न होतं. भाऊजी जेवणाच्या मांडवात माझ्यासमोर येऊन बसले. श्रीखंड वाढून झालं तसं म्हणाले, "वहिनी, तुमच्या प्रत्येक फोटोला मी कमेंट करतो. खरं एकालाही तुमचं उत्तर नाही."

शेजारी बसलेल्या भाचीनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

"शिलाईचं काम लई असतंय भाऊजी," मी म्हटलं, "बघते. उद्या बघते."